व्हायवाच्या आदल्या रात्री: अँटिबायोटिकांचे एमओए दोघींनी एकमेकींकडून कसे पक्के करून घ्यावेत

सेकंड एमबीबीएसच्या फार्माकच्या व्हायवात बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. एक्सटर्नल विचारतात, "पेनिसिलिनचा एमओए सांगा." उत्तर येतं, "सर, सेल वॉल सिंथेसिस इनहिबिट करतं." सर म्हणतात, "कसं?" आणि समोर शांतता. खरं तर पुस्तक वाचलेलं असतं, आदल्या रात्री रूम पार्टनरने विचारूनही घेतलेलं असतं. पण त्या विचारण्यातच चूक असते. विचारणारीने "सेल वॉल" ऐकलं, "बरोबर" म्हणाली आणि पुढच्या औषधाकडे वळली. म्हणजे औषध कोणत्या गटातलं एवढंच पाठ झालं, ते काम कसं करतं हे कुणी विचारलंच नाही.

म्हणून खाली नमुन्याचे संवाद दिले आहेत. त्यांत सांगणारीच्या उत्तरांइतकंच विचारणारीच्या प्रश्नांकडे लक्ष द्या. रात्रीचा अभ्यास विचारणारीच्या हातात असतो.

पायरी १: बसण्याआधी

मेसचं जेवण आटोपून दोन तास मोकळे ठेवा. बारा कार्डं करा. जाड कागद नसेल तर वहीची पानं चार भागांत फाडली तरी चालेल. एका कार्डावर एकच औषध: पेनिसिलिन, व्हँकोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सीसायक्लीन, क्लोरॅम्फेनिकॉल, अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन, लिनेझोलिड, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, रिफाम्पिसिन, कोट्रायमॉक्सॅझोल, मेट्रोनिडॅझोल. टीबीची बाकीची औषधं यात घालू नका, त्यांची फेरी वेगळी लागते.

कार्डावर पुढच्या बाजूला फक्त औषधाचं नाव. गट लिहायचा नाही. "मॅक्रोलाइड" हा शब्द दिसला की अर्धं उत्तर फुकट मिळतं, आणि व्हायवात ते कुणी देत नाही. मागची बाजू सध्या कोरी ठेवा.

सोबत एक मोठा कोरा कागद, दोन रंगांची पेनं आणि एकच पुस्तक. दोन पुस्तकं उघडली की अर्धा वेळ कुठल्या पुस्तकात काय लिहिलंय यावर जातो.

> सावधान: पुस्तक विचारणारीच्या मांडीवर उघडं ठेवू नका. उघडं असलं की ती उत्तर ऐकत नाही, ओळीशी ओळ जुळवत बसते. एखादं उत्तर दोघींनाही येत नसेल तेव्हाच ते उघडायचं.

पायरी २: उत्तराच्या पाच कड्या ठरवून घ्या

प्रत्येक औषधाला हेच पाच प्रश्न, याच क्रमाने विचारायचे.

१. औषध जीवाणूत कशाला चिकटतं?
२. ती वस्तू एरवी काय काम करते?
३. ते काम थांबलं की पुढे काय बिघडतं?
४. त्यामुळे जीवाणू मरतो की फक्त वाढ थांबते, आणि का?
५. मग आपल्या पेशींना तेच का होत नाही?

या पाच झाल्या की शेवटी जोडप्रश्न: जीवाणू यातून सुटतो कसा? म्हणजे रेझिस्टन्स. तो आधी विचारू नका. पहिली कडी पक्की असेल तर रेझिस्टन्स निम्मा आपोआप सुचतो, कारण जीवाणू बहुतेक वेळा त्याच जागी बदल करतो, औषध तोडतो किंवा त्याला जागेपर्यंत पोहोचूच देत नाही.

दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो. एन्झाइमचं नाव येतं, पण ते रोज काय करतं हे माहीत नसतं. तिथेच "कसं?" ला उत्तर सुचत नाही.

पायरी ३: सुरुवात पेनिसिलिनने, आणि त्यालाच सगळ्यात जास्त वेळ

या एका कार्डाला वीस मिनिटं द्या. पाचही कड्या इथे ठळक दिसतात आणि पुढची औषधं याच्याशी ताडून पाहता येतात.

विचारणारी: पेनिसिलिन कशाला चिकटतं?

सांगणारी: सेल वॉलला.

विचारणारी: अगं, भिंतीला नाही. भिंत बांधणाऱ्याला. नाव सांग.

सांगणारी: पेनिसिलिन बाइंडिंग प्रोटीन. पीबीपी. म्हणजे ट्रान्सपेप्टिडेझ.

विचारणारी: ते एरवी काय करतं?

सांगणारी: क्रॉस-लिंकिंग.

विचारणारी: कशाचं कशाशी? कागदावर काढून दाखव.

इथे विचारणारीने थांबायचं आणि पेन पुढे करायचं. चित्र असं यायला हवं: साखरेच्या दोन लांब आडव्या साखळ्या. प्रत्येकीवरून अमिनो आम्लांची छोटी शेपटी खाली लोंबते. शेपटीच्या टोकाला दोन डी-अ‍ॅलानिन शेजारीशेजारी. ट्रान्सपेप्टिडेझ शेवटचं डी-अ‍ॅलानिन काढून टाकतं आणि उरलेलं टोक शेजारच्या साखळीच्या शेपटीला जोडतं. अशा हजारो आडव्या टाक्यांनी पेप्टिडोग्लायकनची जाळी घट्ट होते.

सांगणारी: मग पेनिसिलिनची बीटा-लॅक्टम रिंग या दोन डी-अ‍ॅलानिनसारखी दिसते.

विचारणारी: कोणाला दिसते?

सांगणारी: ट्रान्सपेप्टिडेझला. त्याला वाटतं हीच शेपटी आहे, आणि ते तिला पकडतं. रिंग उघडते आणि एन्झाइमच्या सेरिनला कायमची चिकटून बसते. एन्झाइम अडकलं, टाके पडणं बंद.

विचारणारी: टाके पडले नाहीत. जीवाणू मेला का?

सांगणारी: हो, भिंत नाही म्हणून.

विचारणारी: जुनी भिंत तर आहे की. ती कुठे गेली?

हा प्रश्न न चुकता विचारा. याचं उत्तर येत नसेल तर पेनिसिलिन सायडल का, हे कळलेलं नाही. वाढणारा जीवाणू नवी भिंत घालण्यासाठी जुनी थोडी थोडी उसवत असतो. उसवणारी एन्झाइम म्हणजे ऑटोलायसिन. पेनिसिलिनने टाके घालणं थांबवलं, उसवणं मात्र चालूच राहिलं. आतला दाब बाहेरच्यापेक्षा बराच जास्त असतो. भिंत जिथे विरते तिथून पेशी फुगते आणि फुटते.

यातून दोन गोष्टी लगेच हाती लागतात, आणि दोन्ही व्हायवात विचारल्या जातात. एक, औषध वाढणाऱ्या जीवाणूंवरच चांगलं चालतं. जो भिंत बांधत-उसवत नाही तो फुटतही नाही. म्हणूनच वाढ थांबवणारं टेट्रासायक्लीन सोबत दिलं तर पेनिसिलिनचं काम बिघडू शकतं. दोन, एन्टेरोकोकससारख्या जीवाणूत उसवण्याचं काम मंद असतं, त्यामुळे तिथे एकटं पेनिसिलिन वाढ थांबवतं पण मारत नाही. जेंटामायसिन सोबत का देतात याचं निम्मं उत्तर हे आहे. उरलेलं निम्मं पायरी ५ मध्ये येतं.

विचारणारी: आपल्या पेशींना का काही होत नाही?

सांगणारी: आपल्याला पेप्टिडोग्लायकनच नाही.

विचारणारी: मग मायकोप्लाझ्मावर का चालत नाही?

सांगणारी: त्यालाही भिंत नाही. चिकटायला जागाच नाही.

विचारणारी: आता जीवाणू सुटतो कसा?

सांगणारी: बीटा-लॅक्टमेझ. रिंगच तोडून टाकतो.

विचारणारी: आणि एमआरएसए?

सांगणारी: तोही बीटा-लॅक्टमेझ बनवतो, म्हणून...

विचारणारी: थांब. मग ऑगमेंटिनची गोळी दिली की एमआरएसए मरेल?

इथे हमखास गल्लत होते. ६२५ च्या गोळीत ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड असतं. क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड स्वतः जीवाणूला फारसं मारत नाही. ते बीटा-लॅक्टमेझला पकडून कायमचं निकामी करतं, म्हणून अमॉक्सिसिलिन शाबूत राहतं. म्हणजे औषध तोडलं जात असेल तिथेच ते उपयोगी. एमआरएसएचा मुख्य बचाव वेगळा आहे. मेक-ए जनुकामुळे त्याच्याकडे पीबीपी-टू-ए नावाचं वेगळं ट्रान्सपेप्टिडेझ असतं. नेहमीची बीटा-लॅक्टम औषधं त्याला नीट चिकटत नाहीत, आणि टाके घालणं चालू राहतं. औषध शाबूत आहे, पण धरायला मूठच नाही. मग क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड काय करणार?

> तपासा: कार्ड उलटं करा आणि मागे सांगणारीने स्वतःच्या शब्दांत पाच ओळी लिहाव्यात. "इनहिबिट करतं" हा शब्द आला तर ती ओळ खोडून पुन्हा लिहा. "कशाला पकडतं, काय अडतं" असं लिहिता आलं तरच ती कडी समजली.

पायरी ४: लगेच व्हँकोमायसिन, मध्ये दुसरं काही नको

ही दोन्ही "सेल वॉल"वाली, म्हणून दोघींची उत्तरं एकमेकांत मिसळतात. एकापाठोपाठ घेतली तर फरक डोळ्यांसमोर राहतो. कागदावरचं मघाचं चित्र तसंच ठेवा आणि दुसऱ्या रंगाचं पेन घ्या.

विचारणारी: व्हँकोमायसिन कशाला चिकटतं?

सांगणारी: पीबीपीला.

विचारणारी: नाही. चित्रात बघ. पेनिसिलिनने सुताराला पकडलं. हे कुणाला पकडतं?

सांगणारी: लाकडाला. शेपटीच्या टोकालाच. डी-अ‍ॅलानिन–डी-अ‍ॅलानिनवर टोपी घालतं.

विचारणारी: बरोबर. मग एमआरएसएवर का चालतं?

सांगणारी: कारण त्याने सुतार बदललाय, लाकूड तेच आहे.

विचारणारी: आणि लाकूड बदललं तर?

सांगणारी: व्हीआरई. टोकाला डी-अ‍ॅलानिनऐवजी डी-लॅक्टेट. टोपी बसत नाही.

सुतार आणि लाकूड ही जोडी लक्षात राहिली तर या दोन औषधांचे सहा-सात प्रश्न त्यातून सुटतात. बीटा-लॅक्टमेझ व्हँकोमायसिनचं काही बिघडवू शकत नाही, कारण यात ती रिंगच नाही. आणि ग्रॅम निगेटिव्हवर ते चालत नाही, कारण रेणू फार मोठा आहे, बाहेरच्या पडद्यातल्या पोरिनच्या भोकांतून आत शिरत नाही. इथे "त्यांची भिंत पातळ असते म्हणून" असं उत्तर बऱ्याचदा येतं. ते चूक. पातळ असली तरी भिंत त्यांनाही आहे, आणि टोकाला तीच दोन डी-अ‍ॅलानिन आहेत. अडचण दारातून आत जाण्याची आहे.

> सावधान: व्हायवात "सुतार" म्हणू नका. उपमा चित्र डोक्यात बसवण्यापुरती. परीक्षकांपुढे एन्झाइम आणि सब्स्ट्रेट हेच शब्द.

पायरी ५: रायबोझोम पाठ करू नका, काढा

"बाय अ‍ॅट थर्टी, सेल अ‍ॅट फिफ्टी" सगळ्यांना येतं. ३० एसवर अमायनोग्लायकोसाइड आणि टेट्रासायक्लीन, ५० एसवर क्लोरॅम्फेनिकॉल, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन, लिनेझोलिड. ते चांगलं आहे, पण त्यात फक्त पत्ता मिळतो. घरात शिरल्यावर औषध काय करतं, ते त्यात नाही.

नवा कागद घ्या. खाली एमआरएनएची पट्टी, तिच्यावर ३० एस, त्याच्यावर ५० एस. आत दोन खुर्च्या: ए आणि पी. पी खुर्चीवर बसलेल्या टीआरएनएच्या डोक्यावर आतापर्यंत बनलेली प्रथिनाची साखळी. ए खुर्चीवर नवा टीआरएनए एकेक अमिनो आम्ल घेऊन येतो. साखळी त्याच्यावर चढते, मग सगळे एक घर सरकतात. ५० एसमधून साखळी बाहेर जायला एक बोगदा. आता विचारणारीने प्रथिन तयार होण्याच्या क्रमाने विचारायचं, औषधांच्या यादीने नाही.

विचारणारी: दोन्ही भाग एकत्र यायच्या आधीच कोण अडवतं?

सांगणारी: लिनेझोलिड. ५० एसला चिकटतं आणि ७० एसचं सुरुवातीचं कॉम्प्लेक्स बनूच देत नाही.

विचारणारी: ए खुर्चीवर बसू कोण देत नाही?

सांगणारी: डॉक्सीसायक्लीन. ३० एसवरून ए जागा अडवतं.

विचारणारी: खुर्चीवर बसला, पण साखळी त्याच्यावर चढत नाही?

सांगणारी: क्लोरॅम्फेनिकॉल. पेप्टिडिल ट्रान्सफरेझ.

विचारणारी: साखळी चढली, पण पुढे सरकत नाही?

सांगणारी: अ‍ॅझिथ्रोमायसिन. ट्रान्सलोकेशन.

मॅक्रोलाइड खरं म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी बसतं आणि वाढणारी साखळी तिथे अडते. पुस्तकातलं "ट्रान्सलोकेशन अडतं" हे उत्तर द्या, आणि पुढे विचारलं तर बोगदा सांगा. क्लिंडामायसिनही त्याच परिसरात बसतं. म्हणून तिथल्या २३ एस आरआरएनएवर जीवाणूने मिथाइल गट चढवला की दोन्ही औषधं एकदम जातात. डी-टेस्ट कशासाठी, याचं उत्तर इथून निघतं. एरिथ्रोमायसिनच्या चकतीशेजारी क्लिंडामायसिनची चकती ठेवतात. तिच्याभोवतीचं वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटं होऊन इंग्रजी डी अक्षरासारखं दिसलं, तर हा बचाव जागा होऊ शकतो असं समजायचं.

आता जेंटामायसिन. हे कार्ड इतरांपेक्षा वेगळं आहे, त्याला स्वतंत्र वेळ द्या.

विचारणारी: जेंटामायसिन ३० एसवर. डॉक्सीही ३० एसवर. मग एक मारतं, दुसरं नुसतं थांबवतं, असं का?

सांगणारी: जेंटामायसिनने चुकीचं वाचन होतं. मिसरीडिंग.

विचारणारी: चुकीचं प्रथिन बनलं. बनू दे. त्याने मरायचं काय कारण?

सांगणारी: ...

विचारणारी: ती प्रथिनं जातात कुठे?

सांगणारी: पडद्यात. मग पडदा गळका होतो.

विचारणारी: आणि गळक्या पडद्यातून आणखी काय आत येतं?

सांगणारी: आणखी जेंटामायसिन!

ही शेवटची कडी सांगणारीच्या तोंडून आली पाहिजे. विचारणारीने ती स्वतः सांगून टाकली, तर सकाळी आठवणार नाही. "..." च्या जागी किमान दहा सेकंद गप्प बसा. ते अवघड जातं, तरी बसा. मग उत्तर नव्हे, एक छोटा प्रश्न द्या, वरच्यासारखा.

जेंटामायसिन आतल्या पडद्यातून शिरायला ऊर्जा लागते, आणि ती ऊर्जा ऑक्सिजनवर चालणाऱ्या यंत्रणेतून येते. त्यामुळे अ‍ॅनेरोबवर ते निरुपयोगी. आणि आता एन्टेरोकोकसचं उरलेलं निम्मं उत्तर: पेनिसिलिन भिंत कमकुवत करतं, त्यामुळे एरवी आत न शिरणारं जेंटामायसिन आत पोहोचतं. दोन्ही मिळून मारतात. मात्र एकाच सिरिंजमध्ये किंवा सलाइनच्या बाटलीत ती मिसळायची नाहीत, पेनिसिलिनमुळे जेंटामायसिन निकामी होतं. शरीरात एकमेकांना मदत आणि बाटलीत वैर, हा परीक्षकांचा आवडता उपप्रश्न आहे.

पाचव्या कडीला, आपल्या पेशी का वाचतात याला, सगळ्यांसाठी एकच उत्तर देऊन भागत नाही. आपलं रायबोझोम ८० एस, त्यांचं ७० एस, हे खरं. पण आपल्या मायटोकॉन्ड्रियातलं रायबोझोम जीवाणूंसारखंच आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि लिनेझोलिड जास्त दिवस किंवा जास्त डोसने दिलं की बोन मॅरो दबते, त्यामागे हेच कारण. क्लोरॅम्फेनिकॉलचा अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया वेगळा, तो डोसवर अवलंबून नसतो. दोन्ही एकाच वाक्यात सांगू नका.

> तपासा: चित्र झाकून सांगणारीने कोऱ्या कागदावर पुन्हा काढावं आणि सहा औषधांच्या सहा फुल्या योग्य जागी माराव्यात. दोन मिनिटांत जमत नसेल तर पुढे जाऊ नका.

पायरी ६: डीएनए आणि फोलेट, थोडक्यात पण नेमकं

सिप्रोफ्लॉक्सॅसिन "डीएनए गायरेझ अडवतं" एवढं अपुरं आहे. गायरेझ डीएनएचे दोन्ही धागे कापतं, पीळ सोडवतं आणि पुन्हा जोडतं. औषध नेमकं कापणं झाल्यावर आणि जोडण्याआधी पकडतं. तुटलेली टोकं तशीच राहतात, म्हणून जीवाणू मरतो. ग्रॅम निगेटिव्हमध्ये मुख्यतः गायरेझ, ग्रॅम पॉझिटिव्हमध्ये मुख्यतः टोपोआयसोमरेझ फोर. रिफाम्पिसिन डीएनएवरून आरएनए उतरवणाऱ्या पॉलिमरेझच्या बीटा भागाला चिकटतं. तिथे एकच म्युटेशन झालं तरी औषध गेलं, म्हणून सक्रिय टीबीत ते एकटं देत नाहीत.

कोट्रायमॉक्सॅझोलला आकड्यांचा प्रश्न येतोच.

विचारणारी: गोळीत प्रमाण किती?

सांगणारी: ट्रायमेथोप्रिम ८०, सल्फामेथॉक्सॅझोल ४००. एकास पाच.

विचारणारी: मग पुस्तकात एकास वीस कुठून आलं?

सांगणारी: ते प्लाझ्मात. ट्रायमेथोप्रिम ऊतींमध्ये जास्त पसरतं, म्हणून रक्तात कमी उरतं.

विचारणारी: आणि वीसच का हवं?

सांगणारी: त्या प्रमाणाला दोन्ही मिळून सगळ्यात चांगलं मारतात.

एमओए सांगताना दोन पायऱ्या क्रमाने सांगा: सल्फा पाबासारखं दिसून डायहायड्रोप्टेरोएट सिंथेझला फसवतं, ट्रायमेथोप्रिम त्याच्या पुढचं डायहायड्रोफोलेट रिडक्टेझ अडवतं. आपल्या पेशी वाचतात त्याची कारणंही दोन. पहिलं एन्झाइम आपल्याकडे नाही, आपण तयार फोलेट अन्नातून घेतो. दुसरं आपल्याकडे आहे, पण ट्रायमेथोप्रिम जीवाणूच्या एन्झाइमला हजारो पटींनी जास्त पकडतं. "आपल्याला फोलेट बनवावं लागत नाही" एवढंच सांगितलं, तर ट्रायमेथोप्रिमचा हिशेब लागत नाही.

पायरी ७: उलट फेरी

आता भूमिका बदला. दुसरी विचारेल. कार्डं पिसून घ्या, नाहीतर डोक्यात औषधं नाही, क्रम पाठ होतो. या फेरीत "एमओए सांग" म्हणायचंच नाही. प्रत्येक प्रश्न "का चालत नाही" असा.

— अ‍ॅबसेसमधल्या अ‍ॅनेरोबवर जेंटामायसिन का नाही?
— आत शिरायलाच ऑक्सिजनची यंत्रणा लागते.

— तिथेच मेट्रोनिडॅझोल का चालतं?
— त्याचा नायट्रो गट अ‍ॅनेरोबच्या आतच रिड्यूस होतो. त्यातून निघालेला भाग डीएनए तोडतो. ऑक्सिजन असला की हे घडत नाही.

— पू असलेल्या जागी सल्फा कमी का पडतं?
— पुवात मेलेल्या पेशींचे प्युरिन आणि थायमिडिन असतात. जीवाणूला ते तयार मिळतात, फोलेटवाचून त्याचं अडत नाही.

— क्लोरॅम्फेनिकॉल स्टॅटिक ना? मग मेनिन्जायटिसमध्ये कसं चालायचं?
— मेनिन्गोकोकस, न्यूमोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झी यांना ते मारतं. सायडल-स्टॅटिक जीवाणूवरही अवलंबून असतं.

दहा सेकंदांत उत्तर सुरू झालं नाही की ते कार्ड डाव्या ढिगात. चर्चा फेरी संपल्यावर. प्रत्येक चुकीवर पुस्तक उघडलं तर बारा कार्डांना रात्रीचा एक वाजतो. डावा ढीग चारपेक्षा मोठा झाला, तर फक्त त्याच कार्डांसाठी पायरी २ चे पाच प्रश्न पुन्हा घ्या.

पायरी ८: शेवटची फेरी इंग्रजीत

आतापर्यंत मराठीत बोललात ते बरोबरच केलंत, कारण "का" मराठीत पटकन कळतं. पण व्हायवा इंग्रजीत आहे, आणि समजलेलं उत्तर ऐनवेळी भाषांतर करताना तुटतं. म्हणून शेवटची वीस मिनिटं इंग्रजीत. प्रत्येक कार्डाला दीड मिनिट, मोबाइलवर टायमर लावून. विचारणारी समोर खुर्चीवर बसेल, मान हलवणार नाही, "हं" म्हणणार नाही. परीक्षकही ते करत नाहीत, आणि मान हलत नाही हे पाहूनच बरोबर चाललेलं उत्तर बरेच जण अर्ध्यात बदलतात.

एखाद्या कडीला अडलात तर सगळं उत्तर पहिल्यापासून सुरू करू नका. मागच्या कडीवर या आणि तिथून पुढे सांगा. "पीबीपीला चिकटतं, टाके थांबतात..." इथे अडलात, तर "जुनी भिंत मात्र उसवत राहते" हे पुढचं वाक्य तिथूनच सापडतं.

फेरी संपल्यावर डाव्या ढिगातली कार्डं अ‍ॅप्रनच्या खिशात ठेवा. सकाळी वाचायची ती एवढीच.